कमी बजेटमध्ये शाकाहारी प्रथिनांचं आठवड्याचं गणित

प्रश्न: मी शाकाहारी आहे, वजन 60 किलो. खर्च फार वाढू न देता रोजची प्रथिनं पूर्ण होतील असा आठवड्याचा आहार कसा ठरवू?

उत्तर: निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे तुम्हाला रोज 50 ग्रॅम. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून मी 60 धरून चालेन. आठवड्याचे झाले 420.

आधी पदार्थ ठरवू नका, आठवड्याचा किराणा ठरवा, आणि सगळं वजन कोरडं, न शिजवलेलं धरा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. 'रोज वाटीभर डाळ खातो' याला काहीच अर्थ नाही, कारण पातळ डाळीच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम 25 ग्रॅम असते आणि प्रथिनं सहाच्या आसपास. एकदा कच्ची डाळ वजनकाट्यावर मोजून शिजवा आणि किती वाट्या झाल्या ते बघा, मग अंदाज कायमचा बसेल.

एका माणसाचा आठवडा मी असा मांडेन: दीड किलो गव्हाचं पीठ (सुमारे 165 ग्रॅम प्रथिनं), एक किलो तांदूळ (70), डाळी आणि कडधान्यं मिळून 700 ग्रॅम (साधारण 155), सोयावडी 100 ग्रॅम (50). बेरीज 440, म्हणजे रोजचे 60 पार. निम्म्याहून जास्त प्रथिनं धान्यातूनच आली, हे लोक मोजतच नाहीत. पण धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि ते डाळ भरून काढते, म्हणून डाळीला कात्री लावू नका. दोन्ही एकाच जेवणात हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली की पुरे.

वाटणी सोपी आहे. रोज 100 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, दोन जेवणांत विभागून. चार दिवस डाळ, तीन दिवस रात्री भिजवलेलं कडधान्य. आठवड्यातून दोनदा 50 ग्रॅम सोयावडी भाजीत. आत्ता डाळ कमी खात असाल तर हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवलंत तर पोट फुगतं आणि माणूस बेतच सोडून देतो. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवलं की त्रास कमी होतो.

स्वस्त काय ते पाकिटाच्या किमतीवरून ठरवू नका. किंमत भागिले पाकिटातली एकूण प्रथिनं, असा भागाकार करा. उत्तर जितकं कमी, तितकं स्वस्त. या हिशेबात डाळी, सोयावडी, शेंगदाणे बहुधा स्वस्त ठरतील, पनीर आणि प्रोटीन पावडर महाग. पैसे उरलेच तर दूध-दही घ्या, कारण बी-12 हे जीवनसत्त्व वर मांडलेल्या आठवड्याच्या किराण्यातल्या एकाही वस्तूत नाही. दूध अजिबात घेत नसाल तर बी-12 ची गोळी लागेलच.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे आकडे वापरू नका, डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या.