पंधरावं लागलं, की पंधरा पुरी झाली?

प्रश्न: «एका कारखान्याच्या दारावर "१५ वर्षांखालील मुलांना कामावर घेतले जाणार नाही" अशी पाटी आहे. मुलाची आई सांगते, "त्याला पंधरावं लागलंय." मग तो नियमात बसतो का? आणि शिकाऊ म्हणून घेतला तर वयाचा नियम बदलतो का?»

पहिल्याचं उत्तर: नाही बसत. दुसऱ्याचं उत्तर: बदलू शकतो, पण नुसतं "शिकाऊ" म्हटल्याने नाही.

आईचं काही चुकलेलं नाही, ती शुद्ध मराठी बोलते आहे. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. एक चालू वर्षाने, म्हणजे पंधरावं लागलं, पंधराव्यात आहे, पंधरावं चालू आहे. दुसरं सरलेल्या वर्षांनी, म्हणजे पंधरा पुरी झाली, पंधरा वर्षांचा आहे. पहिल्यात क्रमवाचक शब्द येतो, दुसऱ्यात संख्या येते, आणि दोहोंत बरोबर एका वर्षाचं अंतर असतं. जन्मल्या दिवशीच बाळाला पहिलं लागतं. पहिला वाढदिवस झाला की दुसरं लागतं. म्हणून पंधरावं लागलेला मुलगा चौदा वर्षांचा असतो.

घोटाळा वाढतो तो "वयाच्या पंधराव्या वर्षी" या प्रयोगाने. चरित्रांत आणि बातम्यांत तो सर्रास येतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पंधरा पुरी झालेला माणूस असतो. व्याकरणाने पाहिलं तर तो चौदा पुरी होऊन पंधरा पुरी व्हायच्या आतला हवा. गोष्ट सांगताना हे खपून जातं, नोंदवहीत खपत नाही.

कायद्याची भाषा बहुतेक वेळा पुरी झालेली वर्षं मोजते. भारताच्या १९८६ च्या बालकामगार कायद्यातल्या व्याख्येत "चौदावे वर्ष पूर्ण न केलेली व्यक्ती" असा अर्थ आहे. इथे "चौदावे" हा क्रमवाचक शब्द आहे म्हणून दचकू नका. "पूर्ण" हा शब्द सगळा फरक करतो. चौदावं वर्ष पूर्ण होणं आणि चौदा वर्षं पूर्ण होणं हा एकच दिवस, चौदावा वाढदिवस. चौदावं वर्ष लागणं मात्र त्याच्या वर्षभर आधीचं. वाक्यातून "पूर्ण" गळालं की मूल एका वर्षाने मोठं होतं.

मुळातला आकडा कुठून येतो तेही सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ किमान वयासाठीच आहे. त्यात म्हटलंय की किमान वय सक्तीचं शालेय शिक्षण संपण्याच्या वयापेक्षा कमी नको, आणि कसंही झालं तरी १५ पेक्षा कमी नको. अर्थव्यवस्था आणि शिक्षणाच्या सोयी पुरेशा विकसित नसलेल्या देशांना सुरुवातीला १४ ठेवायची मुभा आहे. धोक्याच्या कामाला १८. म्हणून कुठल्याही पाटीवरचा आकडा वाचताना आधी तो त्या देशाचा कोणता आकडा आहे आणि कोणत्या कामासाठी आहे हे बघावं. तुमच्या पाटीवर १५ आहे, तेव्हा आपण १५ धरू.

आता एक तारीख घेऊन मोजू. समजा मुलाचा जन्म २० सप्टेंबर २०१० चा आहे आणि आई ५ मार्च २०२५ ला त्याला घेऊन आली. २० सप्टेंबर २०२४ ला त्याला चौदा पुरी झाली आणि त्याच दिवशी पंधरावं लागलं. म्हणजे आईचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. तिथून २० फेब्रुवारीपर्यंत पाच महिने, पुढे ५ मार्चपर्यंत तेरा दिवस. वय चौदा वर्षं, पाच महिने, तेरा दिवस. पंधरा पुरी होणार २० सप्टेंबर २०२५ ला. आज त्याला साडेसहा महिने कमी पडतात. "पंधरावं लागलंय" हे ऐकून वहीत १५ लिहिलं, की तेवढे महिने नुसत्या भाषेने खाल्ले.

मी बरीच वर्षं कामगारांच्या नोंदी ठेवण्याचं काम केलं. एका जागी जुनी वही हाती आली, तीत "वय" असा रकाना होता आणि एका नावापुढे १५ लिहिलं होतं. कधीचे १५? नोंद केली त्या दिवशीचे, की वही दर वर्षी नव्याने उतरवली तेव्हाचे? उतरवणाऱ्याने आकडा तसाच उतरवला होता, त्यामुळे तो मुलगा तीन वर्षं पंधराचाच राहिला होता. हसू येतं, पण त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. वय रोज बदलतं, जन्मतारीख बदलत नाही. वरच्या १३८ क्रमांकाच्या करारात मालकाने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाचं नाव आणि वय किंवा जन्मतारीख, शक्य तिथे प्रमाणित केलेली, नोंदीत ठेवावी असं म्हटलंय. पर्याय दिलाय खरा, पण माझं मत विचाराल तर "वय" हा रकाना खोडून "जन्मदिनांक" करा. शेजारी "कोणत्या कागदावरून" असा दुसरा रकाना ठेवा. वय लिहायचंच असेल तर "५ मार्च २०२५ रोजी पूर्ण १४" असं लिहा.

कागद कोणता, हा पुढचा भाग. जन्माचा दाखला असेल तर त्यावर दोन तारखा बघायच्या असतात, जन्मदिनांक आणि नोंदणी दिनांक. घाईत पहिलीच वाचली जाते. दुसरी जन्मानंतर काही दिवसांचीच असेल तर कागद भक्कम. जन्म २०१० चा आणि नोंदणी गेल्या महिन्यातली असेल, तर ती तारीख कुणाच्या तरी सांगण्यावरून पडलेली आहे. असा दाखला खोटाच असतो असं नाही, उशिरा नोंदणी खूप ठिकाणी होते. पण मग तो एकटा पुरत नाही. शाळेचा पहिला प्रवेश कधीचा, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहायचं. सहा वर्षांचा असताना शाळेत घातलेल्या मुलाने वय वाढवायचं कारण नसतं. कामाला लागायच्या आठवडाभर आधी काढलेल्या कागदाला ते असतं.

१ जानेवारी ही तारीख दिसली की थोडं थांबावं. तारीख माहीत नसली की अनेक नोंदींमध्ये वर्षाची पहिलीच तारीख टाकली जाते. कुणी खरोखर त्या दिवशी जन्मतोही, पण एकाच वहीत पाच मुलं १ जानेवारीची असली तर ती तारीख नाही, तो अंदाज आहे.

सगळ्यात सहज होणारी लबाडी म्हणजे थोरल्या भावाचा कागद. कागद अस्सल, तारीख खरी, फक्त माणूस दुसरा. ती कागदाकडे बघून कळत नाही, बोलण्यातून कळते. "जन्मतारीख काय?" असं विचारू नका, ती पाठ करून आलेला असतो. कितवीत असताना शाळा सोडलीस, तेव्हा धाकटी बहीण कितवीत होती, ती आता किती वर्षांची, असं विचारा. उत्तरांची बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी वर्ष सरकलंय. हे उलटतपासणीच्या सुरात करू नये, पोर घाबरतं आणि खरं सांगणारंही गोंधळतं. आणि कागदाची प्रत ठेवा, मूळ कागद त्याच्या हाती परत द्या. मालकाने मूळ ओळखपत्र अडकवून ठेवणं हे वेठबिगारीचं एक लक्षण मानलं जातं.

कागदच नसेल तर लोक लगेच "हाडांची तपासणी करू" म्हणतात. मनगटाच्या एक्स-रेवरून वय ठरवतात ते खरं, पण त्यात दोन वर्षं इकडे-तिकडे धरावी लागतात. अहवालात १६ आलं तर खरं वय १४ ते १८ मध्ये कुठेही. तुमचा उंबरठा १५ चा असेल तर या अहवालाने काहीच मिटलं नाही. मिशा फुटल्यात, उंच आहे, हात राबलेले दिसतात, या पुराव्यांचं तर बोलायलाच नको. शंका उरली तर घेऊ नये, एवढंच मालकाच्या हातात असतं.

पंचांग वेगळं असलं तर शब्दांइतकाच आकडाही फसवतो. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्या हिशेबाने पंधरा पुरी झालेलं मूल आपल्या नेहमीच्या कॅलेंडरने जेमतेम साडेचौदाचं असतं. आणि चालू वर्षाने वय सांगायची सवय आपलीच आहे असं समजू नका. कोरियात जन्मतःच एक वर्ष धरून प्रत्येक नववर्षाला एक वाढवायची पद्धत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं बाळ जानेवारीत दोनचं व्हायचं. दक्षिण कोरियाने २०२३ च्या जूनमध्ये कायदेशीर कामांसाठी पुरी झालेली वर्षं मोजायचं पक्कं केलं.

आता "शिकाऊ". जुन्या मराठीत यासाठी "उमेदवारी करणे" असा सुरेख प्रयोग आहे. उमेदवार हा फारसीतून आलेला शब्द, उमेद धरून बसलेला. काम शिकत, आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर राबणारा तो उमेदवार. पुढे निवडणुकीने हा शब्द पळवला आणि कार्यालयांना "शिकाऊ उमेदवार" अशी जोडी लावावी लागली. गंमत अशी की जुन्या उमेदवारीत शिकणं किती आणि फुकट राबणं किती, हे कुणी मोजत नसे, आणि १३८ क्रमांकाचा करार नेमकं तेच मोजतो.

करारात चौदा पुरी झालेल्यांना उद्योगात शिकण्यासाठी काम करता येतं, पण ते काम प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाचा अविभाज्य भाग हवं. त्या कार्यक्रमाची मुख्य जबाबदारी शाळेची किंवा प्रशिक्षण संस्थेची हवी, किंवा तो सक्षम अधिकाऱ्यांनी मंजूर केलेला हवा. कामाच्या अटीही त्या अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या हव्यात. वरचा मुलगा चौदा वर्षं पाच महिन्यांचा आहे. असा कार्यक्रम असेल आणि त्या देशाचा कायदा परवानगी देत असेल, तर तो शिकाऊ म्हणून बसू शकतो. काम धोक्याचं असेल तर तिथे पुन्हा १८ चा आकडा लागतो. कार्यक्रमच नसेल, दिवसभर माल उचलून संध्याकाळी झाडलोट करत असेल, तर वहीत "शिकाऊ" लिहिलं तरी तो बालकामगारच.

पाटी नव्याने रंगवणार असाल तर "१५ वर्षांवरील", "१५ वर्षांपर्यंत" असले शब्द टाळा. १५ व्या वाढदिवसाचा मुलगा "वरील"मध्ये आला की नाही यावर वाद होतो, आणि "पर्यंत"मध्ये १५ आत की बाहेर यावरही. मी असं लिहीन: "ज्यांना १५ वर्षे पूर्ण झालेली नाहीत त्यांना कामावर घेतले जाणार नाही. जन्मतारखेचा पुरावा आणावा." आणि त्या आईला विचारताना "किती वर्षांचा?" असं विचारू नका. "जन्म कोणत्या सालचा, कोणत्या महिन्यातला?" असं विचारा, म्हणजे लागलं आणि पुरं झालं याचा हिशेब तिच्यावर पडत नाही.