गवळणीतली छेडछाड आणि द्वयर्थ

प्रश्न: लोकगीतांत मुलगा-मुलगी एकमेकांना आडून टोमणे का मारतात? सरळ का बोलत नाहीत?

सरळ बोललं की माघार घेता येत नाही, म्हणून.

तमाशातली गवळण बघा. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवतो आणि ‘दान’, म्हणजे जकात मागतो. दही गोड की आंबट, मडकं उघडून दाखव, असं तो विचारतो. बोलणं दह्याचंच, रोख मात्र सगळ्यांना कळतो. आता डाव तिच्या हातात. ‘आधी ऐपत दाखव, मग चव विचार’ असं तिनं दह्याच्याच भाषेत सुनावलं, तर खेळ पुढे सरकतो. तिनं नुसतीच दह्याची किंमत सांगितली, तर नकार पोचला आणि कुणाचा पाणउताराही झाला नाही. सोबत मावशी असतेच, पूर्वापार पुरुषानं रंगवलेली. राखण करायला आलेली ही बाई सगळ्यात चावट बोलते! तरुण मुलीला जे बोलता येत नाही, ते वयाच्या आडोशानं ती बोलून टाकते.

फक्त एक लक्षात ठेवा: ही रचना बहुतेकदा पुरुष शाहिरांची, समोरचा प्रेक्षकही मुख्यतः पुरुष. त्यामुळे वाट अडवलेल्या बाईला ते खरंच आवडत होतं का, हे गवळणीवरून ठरवू नये.