आधी खाणं, मग सुई

मधुमेह झालेला कुत्रा सारखं पाणी पितोय म्हणून भांडं उचलून ठेवू नका. वाढलेली साखर लघवीतून पाणी ओढून नेते, म्हणून ती तहान. इन्सुलिन लागू पडलं की ती उतरते.

दर 12 तासांनी तेच खाणं, तेवढंच, मोजून. खाल्ल्यावरच इंजेक्शन. तोंड फिरवलं तर नेहमीचा डोस न देता आधी डॉक्टरांना फोन करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: टोचताना त्याने अंग झटकलं, केस ओले लागले, औषध किती आत गेलं कळेना. तरी पुन्हा टोचू नका. एखादा डोस हुकला तर निभावतं. दुप्पट गेला तर साखर कोसळते. झोकांड्या किंवा थरथर दिसली तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, इन्सुलिनची बाटली यू-40ची, म्हणजे एका मिलिलिटरला 40 युनिटची असेल तर सिरिंजही यू-40चीच.