‘अंधारातली अभिक्रिया’ अंधारात होतच नाही

प्रश्न: “प्रकाशसंश्लेषणातल्या ‘डार्क रिअ‍ॅक्शन’ला मराठीत ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणावं की ‘अप्रकाशीय अभिक्रिया’? ती रात्री होते म्हणून पहिला शब्द बरोबर वाटतो. आणि त्यातल्या ‘रुबिस्को’ या विकराचं नाव कुठल्या भाषेतून आलं? लॅटिन आहे का?”

रात्री होत नाही. त्यामुळे पहिला शब्द बाद. दुसरा त्याहून थोडा बरा, पण तोही ‘प्रकाशाशी संबंध नाही’ असं सुचवतो आणि संबंध चांगलाच आहे. ‘कार्बन स्थिरीकरण चक्र’ म्हणा नि मोकळे व्हा. ‘दिवसा प्रकाशाची अभिक्रिया, रात्री अंधाराची’ हे वाक्य शिकवण्यांच्या वह्यांत इतकं मुरलंय की आता दुरुस्त करणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

‘डार्क’ हा इथे रसायनवाल्यांचा शब्द आहे. ज्या पायरीला स्वतःला प्रकाशकण लागत नाही ती ‘डार्क’, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमनने १९०५ मध्ये दाखवलं की उजेड भरपूर असला की तो आणखी वाढवून प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढत नाही, तापमान वाढवलं तर मात्र वाढतो. निव्वळ प्रकाशाने घडणाऱ्या बदलाला तापमानाचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणजे पुढे कुठेतरी साधी रासायनिक पायरी अडून बसलेली असणार. त्या पायरीला पुढे हे नाव पडलं, आणि मराठीत येताना त्याची सरळ ‘रात्र’ झाली.

आता पुरावा. अमेरिकेतल्या बर्कलीत कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम या संशोधकांनी काचेच्या चपट्या भांड्यात हिरवं शेवाळ वाढवलं, त्याला किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला आणि ठरावीक क्षणी थोडं थोडं शेवाळ गरम अल्कोहोलात सोडून जागच्या जागी मारलं. मग कागदावर पदार्थ वेगळे करून एक्स-रे फिल्मवर त्यांचे डाग मोजले. चक्र असं आहे: पाच कार्बनच्या रायब्युलोज बिसफॉस्फेटला रुबिस्को एक कार्बन डायऑक्साइड जोडतं, आणि तो सहा कार्बनचा ऐवज लगेच फुटून तीन-तीन कार्बनच्या फॉस्फोग्लिसरिक आम्लाचे दोन रेणू होतात. त्या आम्लाची साखर करायला आणि रायब्युलोज पुन्हा उभं करायला एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून आणणारे रेणू लागतात. तीन कार्बन डायऑक्साइडमागे नऊ एटीपी आणि सहा एनएडीपीएच. हा सगळा माल प्रकाशाच्या अभिक्रियाच पुरवतात.

मग त्यांनी दिवा विझवला. काही सेकंदांत आम्लाचा डाग फुगला आणि रायब्युलोजचा आटला. कारण उरलंसुरलं रायब्युलोज संपेपर्यंत रुबिस्को आम्ल करत राहिलं, पण त्या आम्लाची पुढे साखर करायला माल आला नाही. दिवा तसाच ठेवून कार्बन डायऑक्साइड कमी केला तेव्हा नेमकं उलट झालं: रायब्युलोज साचलं, आम्ल घटलं. या दोन उलट्या निकालांवरून कोण कशाला जोडला जातो तेही कळलं, आणि ‘अंधारातली’ अभिक्रिया अंधार पडताच कशी गळपटते तेही.

यावर एक हमखास आक्षेप येतो: ‘पण निवडुंग, अननस रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतात की!’ घेतात. पानफुटीचं पान पहाटे चावून बघा, आंबट लागेल. दुपारनंतर आंबटपणा उतरतो. बेंजामिन हाइनने हे हिंदुस्थानात असतानाच चाखून १८१३ च्या पत्रात कळवलं होतं. पण रात्री तिथे काम करणारं विकर वेगळं असतं आणि ते मॅलिक आम्ल साठवतं. रुबिस्कोचं चक्र त्या झाडांतही दिवसाच, बंद पर्णरंध्रांआड चालतं.

माल संपतो म्हणून चक्र थांबतं, एवढ्यावरही झाड थांबत नाही. मुद्दाम कड्या लावून घेतं. चक्रातली काही विकरं उजेडातून आलेल्या इलेक्ट्रॉनांनी त्यांच्यातले गंधकाचे बंध तुटले तरच नीट चालतात. अंधारात ते बंध पुन्हा जुळतात. आणि घेवडा, बटाटा अशा काही झाडांत (सगळ्यांत नाही) रात्री थेट रुबिस्कोच्या तोंडात बोळा कोंबला जातो. त्या बोळ्याचं नाव कार्बॉक्सिअरॅबिनिटॉल फॉस्फेट. मघाचा तो फुटायच्या बेतातला सहा कार्बनचा ऐवज आठवा. हा रेणू जवळपास त्याच्यासारखाच दिसतो, म्हणून तिथे घट्ट बसतो आणि फुटत मात्र नाही. उजेड झाला की रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज नावाचं दुसरं प्रथिन एटीपी खर्चून तो उपसून काढतं.

त्या नावात ‘अरॅबि’ ऐकू आलं का? खरी मजा इथे आहे.

अरॅबिनोज ही साखर गम अरेबिकमधून, म्हणजे बाभळीच्या जातभाईंच्या डिंकातून मिळाली. अरबी व्यापाऱ्यांमुळे डिंक अरबी ठरला, डिंकामुळे साखर. १८९१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने अरॅबिनोजपासून केलेलं आम्ल पिरिडिनबरोबर तापवलं, तेव्हा दुसऱ्या कार्बनला जोडलेला एक गट, म्हणजे त्याचा हात, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला आणि नवी साखर हाती आली. हात फिरवून साखर झाली, तर अक्षरं फिरवून नाव! अरॅबिनोजच्या रोमन स्पेलिंगमधलीच काही अक्षरं गाळून, उरलेली पुढेमागे करून त्याने ‘रायबोज’ केलं. आरएनएमधला ‘आर’ तो हाच. रायबोजवरून रायब्युलोज, आणि रायब्युलोजवरून रुबिस्कोतला ‘रु’.

याहून गंमत अशी की रायब्युलोजमध्ये नेमका तो दुसरा कार्बन कीटोन झालेला असतो. तिथे डावा-उजवा हात उरतच नाही, म्हणून ती रायबोजची जितकी बहीण तितकीच अरॅबिनोजची. ‘अरॅब्युलोज’ म्हटलं असतं तरी रसायनाची काही तक्रार नव्हती. माझं तर म्हणणं आहे की ‘रु’ हा केवळ योगायोग, डिंकाचा हक्क पहिला. यावर एक विद्वान स्नेही ‘रुबिस्को म्हणजे लॅटिन रुबर, तांबडा’ असं दर चर्चेत ठोकून देतात. हिरव्या पानातल्या, स्वतः बिनरंगाच्या प्रथिनाला तांबडं कोण म्हणेल, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

लॅटिनचा संबंध नाहीच. उरलेलं नाव बिस्किटाचं आहे. सॅम वाइल्डमनने १९४७ मध्ये जेम्स बॉनरबरोबर पानांतून हे प्रथिन वेगळं केलं, तेव्हा त्याला नुसतं ‘फ्रॅक्शन वन’ म्हणत. पुढे तंबाखूच्या पानातून ते काढून माणसांना खाऊ घालायचं वेड वाइल्डमनने घेतलं. १९७९ मध्ये त्याच्या सन्मानार्थ भरलेल्या परिसंवादात डेव्हिड आयझेनबर्गने ‘नॅबिस्को’ या अमेरिकन बिस्किट कंपनीच्या नावावर कोटी केली: रायब्युलोज बिसफॉस्फेट कार्बॉक्सिलेज-ऑक्सिजनेज या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडली की ‘रुबिस्को’. थट्टेतलं नाव वर्षानुवर्षं चिकटून राहिलं. त्यातला ‘ओ’ मात्र थट्टेचा नाही. हे विकर चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि केलेली कमाई काही अंशी घालवतं, हे १९७१ मध्ये बोज, ऑग्रेन आणि हेगमन यांनी दाखवलं. त्याआधी कोटी केली असती तर ‘रुबिस्क’वरच अडली असती.