फ्रीलान्स साइट की नोकरी: माझ्या बारा महिन्यांचा हिशोब

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर आहे, ४ वर्षं नोकरी करतोय. फ्रीलान्स साइटवर जास्त पैसे मिळतात असं ऐकतो, पण दर महिन्याला नक्की किती येतील याची भीती वाटते. नोकरी सोडावी का?

सोडू नका, निदान आत्ता तरी नको. मी सोडली होती आणि वर्षभरानी परत नोकरीत आले. आमच्या घरात हा विषय अजून निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून माझा तेव्हाचा पगार महिना १०० धरा. साइटवरच्या पहिल्या बारा महिन्यांत कमिशन कापून हातात आलेले पैसे असे होते: ४०, ६०, ११०, १५०, १८०, १९०, १९०, १८०, ३०, २०, ६०, ११०. बेरीज केलीत तर १३२० होतात, म्हणजे महिन्याला सरासरी ११०. लोक तुम्हाला सांगतात तो हाच आकडा, आणि तो खोटा नसतो. पण सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, फाँटची लायसन्स, स्टॉक फोटो आणि आरोग्य विमा हे सगळं आधी कंपनी भरायची, ते आता माझ्याकडे आलं, त्याचे महिना १२ गेले. उरले ९८. म्हणजे पगाराइतकेच, आणि त्यात भरपगारी सुट्टी एकही नाही. प्रपोजल लिहिणं, सँपल दाखवणं, येणाऱ्या प्रत्येक चौकशीला तासाभरात उत्तर देणं यात दिवसाचा तिसरा हिस्सा जायचा आणि त्याचे पैसे कोणीच देत नाही.

आता नववा, दहावा आणि अकरावा महिना बघा. ३०, २० आणि ६०, तीन महिन्यांचे मिळून ११०. घरखर्चाचा माझा वाटा महिना ७० होता, वरचे १२ धरले तर तीन महिन्यांना २४६ लागत होते. १३६ कमी पडले. चांगल्या महिन्यांत उरलेले पैसे मी नवीन मशीन आणि मॉनिटरमध्ये घातले होते, त्यामुळे ते १३६ मोठ्या भावाकडून घ्यावे लागले. दादाने एका शब्दाने विचारलं नाही, लगेच दिले, पण तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे की घरी बसून काम करायला शिस्त लागते आणि ती तुझ्यात नाही.

ते महिने का कोसळले ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं त्यातच आहे. पाचव्या ते आठव्या महिन्यात जे १८०-१९० येत होते त्यातले साधारण १३० एकाच क्लायंटचे होते. पॅकेजिंगची कामं करणारी एक एजन्सी होती, मी त्यांची लेबलं आणि खोके करायचे, काम नियमित, पैसे वेळेवर, मी खूश. आठव्या महिन्याच्या शेवटी सहा लेबलांची एक मोठी ऑर्डर डिलिव्हर केली. माझ्या पीडीएफमध्ये बारीक मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर होता, जसा असायला हवा. त्यांच्याकडे कोणीतरी ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून आरजीबी करून परत सीएमवायकेमध्ये सेव्ह केली. असं केलं की साधा काळा चार शाईंचा काळा होतो, आणि छापताना प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. तेच झालं, घटकपदार्थांची यादी वाचता येईना. ऑर्डर रद्द करून पैसे परत मागितले, साइटवर पैसे अजून क्लिअर झालेले नव्हते. ‘माझी फाइल हलवू नका, आहे तशीच प्रिंटरला द्या’ हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, साइटच्या मेसेजमध्ये लिहिलेलं नव्हतं. सपोर्टवाले फक्त साइटवरची चॅट आणि डिलिव्हर केलेल्या फाइल बघतात, आणि प्लेटांचा फरक ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. पैसे गेले, क्लायंट गेला, हे एकवेळ समजून घेता येतं, पण ऑर्डर रद्द झाली की स्कोअर पडतो, आणि स्कोअर पडला की सर्चमध्ये तुम्ही खाली जाता. म्हणून उरलेल्या छोट्या क्लायंटांचे जे ५५-६० यायचे ते पण ३० आणि २० वर आले. त्या दोन महिन्यांत मी जास्त तास बसले होते, कमी नाही. दादाला हे मी दहा वेळा सांगितलं असेल, आळसाने स्कोअर पडला नाही, एकाच गिऱ्हाईकावर ७० टक्के कमाई टेकवली म्हणून घर हललं. त्यात शिस्तीचा काय संबंध?

म्हणून तुम्ही सरासरी काढत बसू नका. नोकरी चालू ठेवून साइटवर सहा-आठ महिने संध्याकाळची कामं घ्या आणि दर महिन्याला दोनच गोष्टी लिहून ठेवा, हातात किती आले आणि त्यातले सगळ्यात मोठ्या क्लायंटचे किती. मग सगळ्यात मोठा क्लायंट पुसून टाकून हिशोब करा. उरलेल्या पैशात महिन्याचा अर्धा खर्च तरी निघतो का, आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला साठलाय का? माझ्या चांगल्या महिन्यांतून १३० पुसले की ५५ उरतात आणि खर्च ८२ होता, म्हणजे अर्धा निघत होता, पण तीन महिन्यांचा खर्च बाजूला नव्हता, आणि दोन्ही एकत्र लागतात. हे दोन्ही होईपर्यंत राजीनामा देऊ नका.

साइटच्या अटीही पायाखालून सरकतात हे धरून चाला. फायव्हर विक्रेत्याकडून २० टक्के कापतं. अपवर्कवर आधी एकाच क्लायंटबरोबर काम वाढत गेलं की कमिशन २० वरून १० आणि मग ५ टक्क्यांवर यायचं, २०२३ मध्ये ते सरसकट १० टक्के केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं टिकवलेल्या क्लायंटच्या ५ टक्क्यांवर भाव ठरवले होते त्यांचा हिशोब बिघडला, आणि ते कोणाशी भांडणार? स्पर्धेच्या साइटवर तर जाऊच नका, तिथे साधारणपणे जिंकलेल्या डिझाइनलाच पैसे मिळतात, बाकीच्यांचं काम फुकट जातं.

आता दादाचं एक बरोबर आहे ते पण लिहिते नाहीतर अन्याय होईल. नोकरी म्हणजेसुद्धा एकच क्लायंट, शंभर टक्के. फरक नोटीस पिरियडचा आहे. एजन्सीने मला एका मेसेजमध्ये सोडलं, कंपनीत बहुतेक वेळा महिना-दोन महिने हातात मिळतात. पण मागच्या वर्षी आमच्या कंपनीत डिझाइनची अर्धी टीम कमी केली, तेव्हा बाजूला दोन थेट क्लायंट असलेले लोक शांत होते आणि बाकीचे नव्हते, म्हणून मी पण आता दोन क्लायंट ठेवलेत. दादा याला हौस म्हणतो.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं, संध्याकाळची कामं घ्यायच्या आधी तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बाहेरचं काम करायला मनाई असं कलम बऱ्याच कंपन्या घालतात, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा त्यांच्या लायसन्सच्या फाँटवर केलेलं बाहेरचं डिझाइन हा वेगळाच वाद होतो. तसं कलम असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, फोनवरची नको.