ट्रॅमाडॉल आणि गॅबापेन्टिन एकत्र चालू असताना गुंगी किती असली तर घाबरायचं?

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे. मणक्याच्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू होतं, चार दिवसांपूर्वी गॅबापेन्टिनही सुरू केलं. आता दिवसभर पेंगते, बोलता बोलता डोळे मिटतात. हे नॉर्मल आहे का? दवाखान्यात कधी न्यायचं?

उत्तर:

बोलता बोलता डोळे मिटत असतील तर ते नॉर्मल नाही. ट्रॅमाडॉलचा पुढचा डोस देऊ नका आणि गॅबापेन्टिनच्या पुढच्या गोळीची वेळ होण्याआधी डॉक्टरांना फोन करा. फोन लागत नसेल तर आजच जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखवून या. आणि हे वाचत असताना त्या हाक मारूनही नीट उठत नसतील, तर वाचणं थांबवून आधी १०८ ला फोन करा.

मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनेच्या ओपीडीत काम करते. ही जोडी आम्हीही देतो. पण दोन्ही औषधं मेंदूला सुस्त करतात, आणि श्वास चालू ठेवणारं केंद्रही मेंदूतच असतं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन, फेन्टानिलचा पॅच ही सगळी ओपिऑइड गटातली औषधं. त्यांच्यासोबत गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन घेतलं तर श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. वयस्कर माणसं आणि दमा-सीओपीडीसारखे फुप्फुसांचे आजार असलेले यांना धोका जास्त.

श्वास बहुधा एकाएकी थांबत नाही. आधी गुंगी वाढत जाते, मग श्वास मंदावतो. म्हणून वॉर्डात आम्ही पेशंटला नुसतं बघत नाही, त्याच्याशी बोलतो. तुम्हीही तेच करा. "सकाळी काय खाल्लंत?" असं विचारा आणि पूर्ण उत्तर येईपर्यंत थांबा. डुलकी लागली होती, पण हाकेसरशी जाग आली आणि नीट बोलल्या, तर ठीक. उत्तर अर्ध्यात सोडून पुन्हा पेंगल्या, शब्द जड झाले, चालताना तोल गेला, वेळ-काळाचा गोंधळ झाला, तर औषध जास्त होतंय. हाक मारून, खांदा गदागदा हलवूनही जाग येत नसेल, तर ती इमर्जन्सी.

दुसरी गोष्ट श्वास. त्या झोपलेल्या असताना, त्यांना न उठवता, पोटाची किंवा छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण श्वास अनियमित असला तर तो हिशेब फसतो. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. १० च्या खाली आला, मध्येच थांबून मग एकदम मोठा श्वास येऊ लागला, किंवा घशातून घरघर येऊ लागली, तर थांबू नका. घरचे इथेच फसतात. "किती छान घोरतायत, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली" असं म्हणून दार लोटून घेतात. आधी न घोरणारं माणूस नव्या गोळ्यांनंतर जोरात घोरायला लागलं, तर त्याला उठवून बघायलाच हवं.

ओठ, हिरड्या किंवा नखं निळसर-राखाडी दिसणं हे उशिराचं लक्षण आहे. सावळ्या रंगावर ते चटकन कळतही नाही, म्हणून ओठाची आतली बाजू बघा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होऊ शकतात, पण तशा दिसल्या नाहीत म्हणून धोका नाही असं समजू नका. घरच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. ९० च्या खाली आला तर इमर्जन्सी, पण ९६ दाखवतोय म्हणजे सगळं ठीक असं नाही. मंद श्वासामुळे साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा आणखीच फसवा.

तुम्ही चौथा दिवस लिहिलाय, म्हणून एक केस सांगते. नागिणीनंतरच्या आगीसाठी आमच्याकडे आणलेले ७४ वर्षांचे आजोबा. वजन ५० किलो, मधुमेह जुना, क्रिएटिनिन १.६. बाहेरून ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू होतं, त्यात गॅबापेन्टिन ३०० तीनदा सुरू झालं. पहिला दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी सर्दीची गोळी दिली, तीही झोप आणणारी. चौथ्या दिवशी पोह्यांचा चमचा हातात धरूनच ते झोपी गेले. सुनेने दुपारी श्वास मोजले, ते सात भरले, आणि तिने सरळ अँब्युलन्स बोलावली.

क्रिएटिनिन १.६ वाचून फार वाटत नाही, पण या वयात आणि या वजनाला मूत्रपिंडाचं काम हिशेबाने मिनिटाला जेमतेम २९ मिलिलिटर भरतं. गॅबापेन्टिन जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटेच बाहेर पडतं. एरवी पाच ते सात तासांत रक्तातलं निम्मं औषध निघून जातं, मूत्रपिंड इतकं थकलेलं असेल तर त्याला दोन दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे कालचा डोस अंगात असतानाच आजचे तीन पडत होते. त्यांना दिवसाला ९०० मिळत होतं, अशा मूत्रपिंडाला दिवसातून एकदाच २०० ते ७०० मिलिग्रॅम द्यायचं असतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना आईचं क्रिएटिनिन, वजन, आणि झोपेची, सर्दीची, खोकल्याची कुठलीही गोळी किंवा सिरप चालू असेल तर ते आधी सांगा. अलीकडे जुलाब-उलट्या झाल्या असतील तर तेही, कारण पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आणखी मंदावतं.

१०८ येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंड किंचित खालच्या बाजूला, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. पॅच असेल तर काढून टाका. जागं ठेवायला चहा-कॉफी पाजू नका, घास भरवू नका, अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं. श्वास बंद असेल किंवा मधूनच आचका द्यावा तसा येत असेल, तर फोन स्पीकरवर ठेवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत न्या आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा.

गॅबापेन्टिन मात्र स्वतःच्या मनाने कायमचं बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं असेल तर एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते. कमी कसं करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

हॉस्पिटलमध्ये ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिलं तर आई काही मिनिटांत डोळे उघडू शकतील. पण ट्रॅमाडॉलवर ते पूर्ण चालत नाही आणि गॅबापेन्टिनवर अजिबात नाही. शिवाय त्याचा असर बहुधा अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, अंगातली गोळी मात्र टिकून असते, आणि गुंगी परत चढू शकते. आजोबांना त्या संध्याकाळी दोनदा द्यावं लागलं आणि रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. त्यामुळे "आता उठल्या, घरी नेतो" असं म्हणून डिस्चार्ज मागू नका.