कॅम्पस ऑडिटमध्ये पाण्याची गळती अशी पकडा

असाइनमेंटच्या चेकलिस्टमध्ये ‘नळ गळतात का? होय/नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. जागा, किती गळती, कारण आणि फोटो असे रकाने करा.

सुरुवात मीटरपासून करा. शनिवारी संध्याकाळी ७ला गच्चीवरची टाकी पूर्ण भरल्याची खात्री करून वाचन घ्या, रविवारी सकाळी ६ला पुन्हा घ्या. टाकी अर्धी असेल तर ती भरताना फिरलेला मीटरही गळतीत धरला जातो, ही चूक बहुतेकांची होते. वॉचमन आणि हॉस्टेलचा वापरही वेगळा काढा.

समजा, ११ तासांत ६६० लिटर गेले, म्हणजे तासाला ६०. आता प्रत्येक गळक्या नळाखाली बाटली धरा. १० मिनिटांत १ लिटर भरला तर तासाला ६ लिटर. असे तीन नळ म्हणजे १८. उरलेले ४२ कुठे? फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. पंधरा मिनिटांत, फ्लश न करता, भांड्यात रंग उतरला तर आतला रबर झिजलाय. तेही ठीक असेल तर टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व बंद करा. तरी मीटर फिरत असेल, तर फ्लोट व्हॉल्व बिघडलाय किंवा मीटर ते टाकी या पाइपात गळती आहे. गोव्यात पावसाळ्यात ओव्हरफ्लोचं पाणी पागोळ्यांत मिसळतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ही तपासणी कोरड्या दिवशीच करा.

निष्कर्षात ‘पाणी वाया जाते’ असं मोघम लिहू नका. ‘दुसरा मजला, नळ ३, दिवसाला १४४ लिटर, वॉशर झिजलेला’ असं लिहा.